कांदेपोह्यांत समास आहे, संधी नाही

'सूर्योदय' हा संधी की समास? शाळेत, शिकवणीत, स्पर्धा परीक्षेच्या तयारीत हा प्रश्न हटकून निघतो आणि वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, सूर्य अधिक उदय, म्हणजे संधी. दुसरा म्हणतो, सूर्याचा उदय, म्हणजे तत्पुरुष समास. दोघांचेही बरोबर असते. चुकलेला असतो तो प्रश्नातला 'की'. एखाद्या मुलीला 'तू पाचवीत आहेस की पुण्यात?' असे विचारावे, तसा हा प्रकार आहे. ती पाचवीतही असू शकते आणि पुण्यातही. दोन प्रश्न वेगळे आहेत, त्यांची उत्तरेही वेगळी मिळणार.

संधी पाहतो तो वर्णांकडे. एका शब्दाचा किंवा शब्दखंडाचा शेवटचा आवाज आणि पुढच्याचा पहिला आवाज शेजारी आले, तर त्यांचे काय होते, एवढेच त्याचे काम. शब्दांचा अर्थ काय, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. समास पाहतो तो अर्थाकडे. दोन शब्दांमधले नाते सांगणारे 'चा', 'ने', 'साठी', 'आणि', 'किंवा' असे जोडकाम गाळून त्यांचा एकच शब्द केला, की समास झाला. तिथे आवाज बदलला काय आणि न बदलला काय, समासाला त्याचे सुखदुःख नाही. (जाता जाता: व्याकरणातला हा संधी पुल्लिंगी. नोकरीची चालून येते ती संधी निराळी.)

आधी संधीकडे पाहू. मुलांना तो नियमांच्या तक्त्यातून शिकवला जातो: अ अधिक उ म्हणजे ओ, इ अधिक अ म्हणजे य. गुणादेश, वृद्ध्यादेश, यणादेश ही नावे पाठ होतात आणि परीक्षा संपली की विसरली जातात. खरे तर तो तक्ता आपल्या तोंडातच आहे. 'अति अंत' हे दोन शब्द न थांबता, भराभर दहा वेळा म्हणून पाहा. 'इ' म्हणताना जीभ टाळूजवळ गेलेली असते. तिथून 'अ'कडे येण्याच्या घाईत ती टाळूला घासल्यासारखी निसटते आणि 'य' ऐकू येतो. अत्यंत. 'सूर्य उदय'चे तसेच आहे. 'अ'ला तोंड मोकळे असते, 'उ'ला ओठांचा चंबू होतो, आणि दोन्ही एका दमात उरकायचे म्हटले की तोंड मधल्या ठिकाणी, म्हणजे 'ओ'वर, थांबते. सूर्योदय.

व्यंजनांचे हाच न्याय लावून पाहता येते. 'जगत्' आणि 'नाथ' जोडले की 'जगन्नाथ' होते. त् आणि न् दोन्ही म्हणताना जीभ दातांच्या मागे एकाच जागी टेकते. फरक एवढाच, की न् म्हणताना हवा नाकातूनही जाते. पुढे न् येणार हे तोंडाला आधीच कळलेले असते, म्हणून नाकाची वाट थोडी लवकर उघडते आणि त् चाही न् होऊन जातो. 'वाक्' आणि 'मय' यांचे 'वाङ्मय' होते तेही असेच. क् आपल्या जागेवरच राहतो, फक्त अनुनासिक होतो आणि ङ् म्हणून बाहेर पडतो. विसर्गाचे नियम जरा किचकट आहेत, पण एक लक्षात ठेवण्याजोगा आहे. विसर्गाच्या आधी अ आणि पुढे मृदू व्यंजन असले, तर त्या 'अः'चा ओ होतो: मनः अधिक रथ, मनोरथ.

आता समास. यासाठी स्वयंपाकघरात जाणे सोयीचे. 'कांदेपोहे' म्हणजे कांदे घालून केलेले पोहे. मधले 'घालून केलेले' आपण खाऊन टाकले आणि दोन शब्दांचा एक शब्द केला. 'पुरणपोळी' म्हणजे पुरण भरून केलेली पोळी, तिथे 'भरून केलेली' गळाले. अशा समासाला मध्यमपदलोपी म्हणतात, कारण मधले पदच लोपते. आता संधीच्या बाजूने तपासू. 'कांदे'च्या शेवटी ए, 'पोहे'च्या सुरुवातीला प. दोन्ही जागचे हललेले नाहीत. म्हणून कांदेपोह्यांत समास आहे, संधी नाही.

समासाचे मुख्य प्रकार चार, आणि ते ओळखण्याची किल्ली एकच: बोलणाऱ्याला त्या दोन पदांपैकी कोणते महत्त्वाचे वाटते? 'घरमालक' म्हटले की माणूस डोळ्यांसमोर येतो, घर त्याची ओळख सांगण्यापुरते. दुसरे पद महत्त्वाचे, म्हणून तत्पुरुष. 'आईवडील' म्हटले की दोघेही हवेत, म्हणून द्वंद्व. 'आजन्म' किंवा 'यथाशक्ती' यांत पहिल्या पदाचा जोर असतो आणि सगळा शब्द क्रियाविशेषणासारखा वागतो. तो अव्ययीभाव. आणि 'नीलकंठ' म्हटल्यावर ना निळा रंग अभिप्रेत असतो ना गळा. ज्याचा कंठ निळा आहे तो शंकर, म्हणजे शब्दाबाहेरचा तिसराच कोणी, अभिप्रेत असतो. तो बहुव्रीही. कर्मधारय, द्विगू वगैरे पोटप्रकार आहेत. कर्मधारय तेवढा पुढे लागेल: तो तत्पुरुषाच्याच घरातला, पण त्यात एक पद दुसऱ्याचे विशेषण असते, जसे 'नीलकमल' म्हणजे निळे कमळ.

आता हे दोन प्रश्न एकमेकांवर अवलंबून नाहीत, हे पडताळून पाहू. संधी एकच ठेवायचा आणि समास बदलतो का ते बघायचे. 'सूर्योदय', 'महोत्सव' आणि 'लंबोदर' हे तीन शब्द घ्या. तिन्हींत जोडावर 'ओ' आहे. सूर्य अधिक उदय, महा अधिक उत्सव, लंब अधिक उदर. संधीचा नियम तिन्हीकडे एकाच कुळातला, गुणादेश. अर्थ मात्र तीन वाटांनी जातात. सूर्याचा उदय हा षष्ठी तत्पुरुष. महान उत्सव हा कर्मधारय. आणि लंब म्हणजे मोठे आहे उदर ज्याचे तो, अर्थात गणपती, हा बहुव्रीही. याच नियमातला चौथा शब्दही देता येईल: 'यथेच्छ', म्हणजे यथा अधिक इच्छा. तिथे आ आणि इ मिळून ए होतो, आणि 'इच्छेप्रमाणे' असा विग्रह असल्यामुळे समास अव्ययीभाव ठरतो.

आता उलट करू. समास एकच ठेवू, षष्ठी तत्पुरुष, म्हणजे मधला 'चा, ची, चे' गाळलेला. देवाचे आलय ते देवालय, इथे अ आणि आ मिळून दीर्घ आ. गणांचा ईश तो गणेश, इथे अ आणि ई मिळून ए. मतांचे ऐक्य ते मतैक्य, इथे अ आणि ऐ मिळून ऐ. जगताचा नाथ तो जगन्नाथ, इथे व्यंजनसंधी. मनाचे राज्य ते मनोराज्य, इथे विसर्गसंधी. आणि घराचा मालक तो घरमालक, इथे संधीच नाही. सहा शब्द, नाते एकच, आणि जोडावरची तऱ्हा सहाही ठिकाणी वेगळी. विद्यार्थ्याने एका बाजूला 'ओ'वाले तीन शब्द आणि दुसऱ्या बाजूला 'चा'वाले हे सहा शब्द वहीत लिहून ठेवले, तरी निम्मा धडा झाला.

संधीशिवाय समास आपण पाहिला. मग समासाशिवाय संधी असतो का? असतो, आणि तो रोजच्या वापरातल्या शब्दांत आहे. 'नमस्ते' घ्या. नमः अधिक ते. विसर्गापुढे त् आला म्हणून विसर्गाचा स् झाला. पण 'तुला नमन' या अर्थाचे ते दोन स्वतंत्र शब्दच आहेत. त्यांच्यामध्ये काही गाळलेले नाही आणि दोघांचा मिळून एक नवा अर्थही तयार झालेला नाही. 'कदापि' आणि 'तथापि' यांत 'अपि' हा शब्द मागच्या शब्दाला चिकटला आहे, एवढेच.

त्याहून मजेदार उदाहरण 'गायन'चे. त्याची फोड गै अधिक अन अशी होते. ऐच्या पुढे अ आला की ऐचा आय् होतो, म्हणून गाय् आणि अन, गायन. नौ अधिक इक, औचा आव् झाला, नाविक. मुले इथे अडखळतात, कारण 'अन' आणि 'इक' या नावांचे शब्द त्यांनी कधी ऐकलेले नसतात. ऐकणार कुठून? ते शब्द नाहीतच, प्रत्यय आहेत. समास व्हायला दोन्ही बाजूंना स्वतःचा अर्थ असलेले शब्द लागतात. संधीला दोन वर्ण शेजारी आले तरी पुरते, मग ते शब्दाचे असोत, धातूचे असोत की प्रत्ययाचे. 'वाङ्मय' मघाशी आला तोही याच जातीचा, त्यातला 'मय' हा प्रत्यय आहे.

दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत, तर घोटाळा होतोच कसा? पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'त तर त्यांची घरेही लांब आहेत. समास दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला येतो, संधीची सूत्रे मुख्यतः सहाव्या आणि आठव्या अध्यायात आहेत. घोटाळ्याचे मूळ संस्कृतच्याच एका शिस्तीत आहे. संस्कृत वैयाकरणांचा दंडक असा, की एका शब्दाच्या आत, धातू आणि उपसर्ग यांच्या जोडावर आणि समासात संधी केलाच पाहिजे. वाक्यातल्या सुट्या शब्दांमध्ये मात्र तो बोलणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणजे संस्कृतात समास झाला आणि जोडावर योग्य वर्ण आले, की संधी सोबत आलाच. मराठीने देवालय, गणेश, सूर्योदय असे शेकडो शब्द तयार घेतले, ते या जोडीसकट. आपल्या पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे बहुतेक याच साठ्यातली. सतत एकत्र दिसणाऱ्या दोन माणसांची नावे उलटसुलट व्हावीत, तसे विद्यार्थ्यांचे होते.

क्रम लक्षात ठेवला तर उलगडा होतो. आधी समास, मग संधी. आधी दोन शब्दांनी एकत्र यायचे ठरवले, मग त्यांच्या कडा जुळवल्या गेल्या. 'महा'ने सुरू होणारे शब्द घेऊन हे नीट पाहू, कारण त्यांत दोन्ही पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात.

महान ऋषी, महान ईश, महान उत्सव, महान राजा. चारही ठिकाणी 'महान' हे विशेषण आहे, म्हणून चारही कर्मधारय. पहिल्या पायरीवर समास होताना विशेषणाचे रूप बदलते. संस्कृतात मूळ शब्द 'महत्' आहे, आणि अशा समासात तो 'महा' होऊन उभा राहतो. हा बदल समासाने केला. त्याच्याशी पुढचा शब्द कोणत्या वर्णाने सुरू होतो याचा काही संबंध नाही, चारही ठिकाणी 'महा'च आला. आता दुसरी पायरी. 'महा'चा आ आणि पुढच्या शब्दाचा पहिला वर्ण समोरासमोर आले. पुढे ऋ असेल तर दोघांचा अर् होतो: मह्, अर्, षी, म्हणजे महर्षी. तो र् पुढच्या षच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. पुढे ई असेल तर ए: महेश. पुढे उ असेल तर ओ: महोत्सव. आणि पुढे र असेल तर? काहीच नाही. आ आणि र् यांना एकमेकांची अडचण होत नाही. म्हणून महाराज.

'महाराज' या शब्दाकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण इथेच हुशार विद्यार्थी फसतो. त्याने नियम असा केलेला असतो, की अक्षर बदलले म्हणजे संधी. महाराजमध्ये तर दोन्हीकडे बदल दिसतो. महानचे महा झाले, राजाचे राज झाले. तरीही संधी नाही. कारण यातला एकही बदल शेजारच्या वर्णाला भिडल्यामुळे झालेला नाही. 'राजा'चा शेवटचा आ तर शब्दाच्या अगदी टोकाला आहे. तिथे त्याला भिडायला कोणी शेजारीच नाही. हे समासाने शब्दांना घातलेले आखूड कपडे आहेत.

मराठीच्या स्वतःच्या समासांत तर हे पावलोपावली दिसते. घोडा आणि दळ यांचे 'घोडदळ', पाणी आणि बुडी यांची 'पाणबुडी', पोळी आणि पाट यांचा 'पोळपाट'. पाणीतली ई गेली खरी, पण पुढे ब आहे, आणि ईपुढे ब आला तर ई जाते असा संधीचा नियम नाही. तसा असता तर 'पाणी बघ' म्हणताना आपण 'पाण बघ' म्हटले असते. म्हणून बदल दिसला की लगेच संधी म्हणू नये. आधी विचारावे, की हा बदल जोडावरच्या दोन वर्णांमुळे झाला का, आणि तेच दोन वर्ण दुसऱ्या शब्दांत शेजारी आले तर पुन्हा असाच होतो का. दोन्हींचे उत्तर हो असेल, तरच संधी.

आता मराठीच्या घरच्या संधीविषयी. तो पुस्तकात दोन परिच्छेदांत उरकला जातो, आणि हे मला खटकते, कारण विद्यार्थी दिवसभर बोलतो तो याच संधीत. 'नदी' आणि 'आत' यांचे मराठीत 'नदीत' होते. संस्कृतच्या नियमाने ईपुढे आ आला तर ईचा य् होऊन 'नद्यात' व्हायला हवे होते. मराठीने तसे केले नाही. तिने पहिला स्वर ठेवला आणि दुसरा टाकून दिला. खिडकी आणि आत, खिडकीत. काही आणि असा, काहीसा. याला पूर्वरूप संधी म्हणतात. कधी उलटही होते: पहिला स्वर जातो, दुसरा राहतो. घर आणि ई, घरी. सांग आणि एन, सांगेन. एक आणि एक, एकेक. हा पररूप संधी.

यातला 'एकेक' फार बोलका आहे. संस्कृतात एक अधिक एक याचे 'एकैक' होते, कारण अ आणि ए मिळून ऐ. मराठीत 'एकेक' का झाले? संस्कृतात 'एक'चा शेवटचा अ उच्चारला जातो. मराठी माणूस लिहितो 'एक', 'घर', 'सांग', पण म्हणतो एक्, घर्, सांग्. लिहिलेला अ तोंडात नसतोच. मग पुढच्या स्वराशी भांडायला किंवा मिसळायला तिथे कोणी नाही. पुढचा ए सरळ येऊन क्वर बसतो. म्हणजे पररूप संधीत 'अ लोपला' असे पुस्तक सांगते खरे, पण कानाने ऐकाल तर तो कितीतरी शब्दांत आधीच लोपलेला असतो. जुन्या नाण्यांच्या काळातले लोक 'चार आणे', 'आठ आणे' बोलताना 'चाराणे', 'आठाणे' म्हणत, तेही याच कारणाने.

समासात मात्र मराठी असा संधी लिहिण्याची सक्ती करत नाही. 'चारआठ दिवसांत येतो' म्हणताना चार किंवा आठ असा वैकल्पिक द्वंद्व समास आहे. 'उणेअधिक' हाही द्वंद्व. दोन्हींत जोडावर स्वर आहे, तरी लिहिताना आपण तो मोकळा ठेवतो. 'चाराठ' कोणी लिहीत नाही. पण 'गुळांबा'? गूळ घालून केलेला आंबा, म्हणजे कांदेपोह्यांचाच भाऊ, मध्यमपदलोपी. इथे मात्र जोड बुजला आहे. साखरेच्या भावंडाला काही घरांत 'साखरआंबा' म्हणतात, काही घरांत 'साखरांबा'. पदार्थ एक, समास एक. एका घराने संधी केला, दुसऱ्याने नाही. मराठीत समासाला संधी बंधनकारक नाही, याचा पुरावा बरणीतच मिळतो.

हा फरक कळला, की शुद्धलेखनातल्या काही गाठी सुटतात. त्यातली एक तर या विषयाच्या नावातच आहे. आपण 'संधी' लिहिताना धी दीर्घ काढतो, पण 'संधिविग्रह' लिहिताना ऱ्हस्व. १९६२ साली मान्य झालेल्या मराठी लेखनाच्या नियमांनुसार संस्कृतातून आलेले ऱ्हस्व इकारान्त आणि उकारान्त शब्द एकटे असताना दीर्घ लिहायचे, पण समासात पहिल्या जागी आले की मूळचे ऱ्हस्व रूप ठेवायचे. म्हणून कवी, पण कविसंमेलन. शक्ती, पण शक्तिपीठ. बुद्धी, पण बुद्धिबळ. मूळ शब्दच दीर्घ असेल तर तो समासातही दीर्घ राहतो: लक्ष्मीपूजन, नदीकाठ. यात संधीचा हात नाही. 'कविसंमेलन'मध्ये इपुढे स आहे, तिथे संधी होण्याचा प्रश्नच येत नाही. हा केवळ समासाचा नियम आहे.

उलट 'उज्ज्वल' शब्दात दोन ज का, हे संधी सांगतो. उत् अधिक ज्वल. पुढच्या ज् मुळे त् चा ज् झाला, आणि 'ज्वल'चा स्वतःचा ज् होताच. एकूण दोन. 'उज्वल' लिहिणाऱ्याने 'उत्' हा उपसर्गच गिळून टाकलेला असतो. 'मनोकामना' हा लोकप्रिय शब्दही असाच. मनोरथ, मनोराज्य यांच्या चालीवर तो तयार झाला, पण तिथे पुढे र आहे, मृदू. इथे क आहे, कठोर. कपुढे विसर्ग साधारणपणे जसाच्या तसा राहतो, जसा प्रातःकाल किंवा अंतःकरण यांत राहिला. नियमाने शब्द 'मनःकामना' असा हवा. साधारणपणे म्हटले, कारण नमस्कार, पुरस्कार अशा काही शब्दांत तिथे स् येतो.

आणि एक जागा अशी आहे, की जिथे संधी चटकन सुटतो आणि समास अडून बसतो. 'पीतांबर' हा शब्द घ्या. संधीत शंका नाही: पीत अधिक अंबर, अ आणि अं यांचा आं. समास कोणता? पूजेच्या वेळी आजोबा पीतांबर नेसले, असे वाक्य असेल तर पिवळे वस्त्र एवढाच अर्थ आहे, आणि समास कर्मधारय. भक्ताच्या हाकेला पीतांबर धावून आला, असे वाक्य असेल तर वस्त्र धावत नाही. ज्याचे वस्त्र पिवळे आहे तो विष्णू धावला, आणि समास बहुव्रीही. 'महात्मा'चेही तेच. 'महान असा आत्मा' म्हटले तर कर्मधारय, आणि 'ज्याचा आत्मा महान आहे असा माणूस' म्हटले तर बहुव्रीही. महात्मा फुले म्हणताना आपल्याला माणूसच अभिप्रेत असतो.

अशा शब्दाचा समास वाक्याशिवाय विचारला, तर एकच उत्तर बरोबर मानणारा प्रश्नच अपुरा आहे. परीक्षेत तो आलाच, तर विद्यार्थ्याने आधी विग्रह पूर्ण वाक्यात लिहावा आणि मग त्या विग्रहाला जुळणारे नाव द्यावे. 'पिवळे असे वस्त्र' लिहून पुढे बहुव्रीही लिहिले, तर चूक विग्रह आणि नाव यांच्या जुळणीत असते. संधीच्या रकान्यात मात्र दोन्ही वेळा एकच उत्तर येईल: पीत + अंबर.